पैसा मालात जातो की नावात?

गेल्या आठवड्यात आपल्या केंद्रावर चोपड्याहून एका बहिणीचा फोन आला होता. त्या म्हणाल्या, "माझ्याजवळ सात-आठ लाख रुपये साठलेले आहेत. घरी बसवत नाही. पण डोक्यात धंद्याची कल्पना एकही नाही. जळगावला एका कंपनीचा मेळावा होता, ते म्हणतात फ्रँचायझी घ्या, सगळं आम्ही शिकवू. घेऊ का?" निवेदिकेने तो प्रश्न माझ्याकडे पाठवला. कारण मी धुळ्यात आणि जळगावात मिळून सव्वीस वर्षे बँकेच्या कर्ज विभागात काढली आहेत, आणि दुसरे कारण असे की हा प्रश्न आमच्या घरातच एकदा येऊन गेलेला आहे.

आधी घरातले सांगते.

माझी नणंद धुळ्याला देवपुरात राहते. तिचे यजमान एसटीतून निवृत्त झाले तेव्हा हातात नऊ लाख रुपये आले. मुलीचे लग्न दोन-तीन वर्षांवर होते. पैसे वाढवावेत म्हणून त्यांनी एका चहाच्या कंपनीची फ्रँचायझी घेतली. कंपनीचे नाव सांगत नाही, त्याची गरजही नाही. मला विचारले, पण सही केल्यावर! वहिनी बँकेत आहे, ती नाहीच म्हणेल, असे त्यांना वाटले असावे.

पैसे कुठे गेले ते बघा. कंपनीचे नाव वापरण्याची फी तीन लाख, तिच्यावर अठरा टक्के जीएसटी चोपन्न हजार. जीएसटी नोंदणी नसलेल्या लहान दुकानाला हा कर परत मिळत नाही, तो गेलाच. फर्निचर, रंग आणि पाटी यांचे तीन लाख दहा हजार, आणि तेही कंपनीने ठरवलेल्या ठेकेदाराकडूनच. आपल्या गल्लीतल्या सुताराने ते काम निम्म्यात केले असते, पण करारात तशी सोय नव्हती. यंत्रे आणि फ्रीज एक लाख वीस हजार, गाळ्याची अनामत साठ हजार, पहिला माल तीस हजार. झाले पावणेनऊ लाख.

आता रोजचा हिशेब. चहा बारा रुपयांना. दूध, साखर, कप आणि कंपनीचाच मसाला व पावडर मिळून पाच रुपये चाळीस पैसे. विक्रीवर पाच टक्के रॉयल्टी, म्हणजे साठ पैसे. एका कपामागे हातात राहिले सहा रुपये. महिन्याचा बांधील खर्च असा: भाडे पंधरा हजार, दोन मुलांचा पगार चोवीस हजार, वीज, गॅस आणि किरकोळ मिळून आठ हजार. एकूण सत्तेचाळीस हजार. सत्तेचाळीस हजाराला सहाने भागा, मग तीस दिवसांनी भागा. रोज २६१ कप विकले तर नुकसान नाही, एवढेच. नणंदेच्या स्वतःच्या कष्टाचे त्यात शून्य रुपये.

तिने महिन्याला पंधरा हजार घरी न्यायचे म्हटले तर रोज ३४४ कप हवेत. आणि एक गोष्ट कोणीच धरली नव्हती. करार तीन वर्षांचा होता. तीन वर्षे संपली की फी संपली, आणि कंपनीच्या रंगाचे फर्निचर दुसऱ्या कशाच्या कामाचे नाही. फीचे आणि फर्निचरचे मिळून सहा लाख चौसष्ट हजार छत्तीस महिन्यांत परत यायला हवेत, म्हणजे दरमहा साडेअठरा हजार. ते धरले की आकडा रोज साडेचारशे कपांच्या जवळ जातो.

कंपनीच्या कागदावर रोजचे पाचशे कप लिहिलेले होते. तो आकडा आला कुठून? पुण्यातल्या एका चौकातल्या दुकानावरून. देवपुरात कॉलेजे आहेत, पोरांची गर्दी आहे, हे खरे. पण कॉलेजला दिवाळीची सुट्टी असते, परीक्षेनंतरची सुट्टी असते, आणि आपल्या खानदेशात एप्रिल-मे महिन्यांत पारा बेचाळीसच्या वर गेला की दुपारी बारा ते पाच चहाच्या दुकानात माशासुद्धा बसत नाहीत. नणंदेचे रोजचे कप सरासरी दोनशे दहा निघाले. म्हणजे दरमहा नऊ हजार खिशातून. चौदा महिन्यांनी दुकान बंद केले. अनामत परत आली, यंत्रांचे पंचेचाळीस हजार आले, फर्निचरचे पंधरा हजार. नऊ लाखांतले एक लाख वीस हजार हातात उरले.

लग्न झाले पोरीचे, दागिने कमी घालून. ते असो.

तिची खरी चूक काय झाली, यावर मी पुष्कळ विचार केला. फ्रँचायझी घेतली ही चूक नव्हती. शेजारच्या टपरीवर वही घेऊन बसली नाही, ही चूक. त्याच रस्त्यावर एक जुनी टपरी आहे. तिच्यासमोर तीन दिवस, त्यात एक रविवार धरून, सकाळी सहापासून रात्री आठपर्यंत कोणी कप मोजले असते तर कळले असते की त्या रस्त्यावर एकूण चहाच किती विकला जातो, आणि तोही आठ रुपयांना. हे मोजायला एक पैसा लागत नाही. लागते फक्त लाज सोडणे. उन्हाळ्यात एकदा आणि पावसाळ्यात एकदा मोजले तर उत्तम, पण कंपनीवाले तेवढे थांबू देत नाहीत. "तुमच्या भागासाठी दुसरी पार्टी तयार आहे" हे वाक्य मी कर्ज मागायला येणाऱ्यांच्या तोंडून इतक्या वेळा ऐकले आहे, की ते सगळ्या कंपन्यांना कोणीतरी छापून देत असावे.

आता चोपड्याच्या ताईंकडे येते. ताई, तुम्ही म्हणता की कल्पना नाही म्हणून फ्रँचायझी. पण कल्पना नसताना धंद्यात पडलेला सगळ्यांत मोठा माणूस आपल्याच जिल्ह्यातला होता.

जामनेर तालुक्यातल्या वाकोदचे भवरलाल जैन. कायद्याचे शिक्षण घेतलेले, सरकारी नोकरी चालून आलेली, ती त्यांनी नाकारली. १९६३ साली घराण्याची तीन पिढ्यांची बचत हाती घेतली. किती? सात हजार रुपये. त्यात त्यांनी काही नवीन शोधून काढले का? नाही. जळगावात रॉकेल विकायला सुरुवात केली. मग एकामागून एक एजन्सी घेतल्या. मोटरसायकल, ट्रॅक्टर, बियाणे, खते, पाइप. सगळी दुसऱ्यांची नावे, दुसऱ्यांचा माल. पंधरा वर्षे हेच चालले होते. त्या पंधरा वर्षांत शेतकरी काय मागतो, उधारी कधी मागतो, कुठल्या महिन्यात पैसे देतो, हे सगळे त्यांना काउंटरवर बसून कळले. १९७८ साली बंद पडलेला केळीच्या पावडरीचा एक कारखाना तीस लाखांना घेतला आणि त्यात पपईच्या चिकापासून पपेन काढायला सुरुवात केली. पपई आपल्या शेतात, चीक आपल्या शेतकऱ्याकडे. पाइप आणि ठिबक त्याच्याही नंतर आले.

हे सांगण्याचे कारण असे की आपल्यापुढे दोनच रस्ते असल्यासारखे लोक बोलतात. एक तर कंपनीचे नाव विकत घ्या, नाही तर जगात कोणी केले नाही असे काही शोधून काढा. जैनांनी सुरुवातीला दोन्ही केले नाही. त्यांनी दुसऱ्याचा माल विकला. एजन्सीत पैसा मालात अडकतो. धंदा बसला तर रॉकेलचे पिंप, खताची गोणी विकून पैसे काही प्रमाणात सुटतात. फ्रँचायझीत पैशाचा मोठा भाग नावात आणि भिंतीत जातो. तो सुटत नाही. म्हणून कुठलाही प्रस्ताव समोर आला की मी कागदाच्या मधोमध रेघ ओढते. डावीकडे, उद्या दुकान बंद केले तर परत येणारे पैसे. उजवीकडे, परत न येणारे. नणंदेच्या बाबतीत उजवीकडे सात लाखांच्या वर होते. दूध किंवा खताच्या एजन्सीत बहुतेक रक्कम डावीकडे जाते.

मग नावाला पैसे द्यायचेच नाहीत का? द्यायचे, पण कुठे ते बघून. चहा एका घोटात कळतो. गिऱ्हाईक बारा रुपये देते, चाखते, आवडला तर उद्या येते. तिथे पाटीवरच्या नावाचा उपयोग पहिल्या आठवड्यापुरता. पण रक्ताची तपासणी घ्या. रिपोर्ट बरोबर आहे की नाही हे रोग्याला कळूच शकत नाही. तिथे मोठ्या लॅबचे नाव असेल तर डॉक्टर चिठ्ठी देतात, माणूस येतो. तीन वर्षांच्या मुलाला बालवाडीत सोडणाऱ्या आईला आत काय चालते ते दिसत नाही, म्हणून तीही नाव बघते. जिथे गिऱ्हाइकाला माल आधी पारखता येत नाही, तिथे नावाची किंमत खरी असते. खाण्यापिण्याच्या बाबतीत, तेही जळगाव-धुळ्यासारख्या गावात जिथे शेवभाजी कुठल्या हॉटेलात चांगली मिळते हे प्रत्येक रिक्षावाल्याला माहीत आहे, तिथे बाहेरच्या नावाला लाखो रुपये देताना दहा वेळा विचार करावा.

आणि सगळ्याच कंपन्या फी घेतात असेही नाही. अमूलचे दुकान घ्यायचे तर ते अनामत घेतात, पण विक्रीवर रॉयल्टी घेत नाहीत. त्यांची कमाई मालाच्या घाऊक विक्रीत आहे. म्हणून तिथे आपला माल खपावा ही त्यांचीही गरज असते. ज्या कंपनीची मुख्य कमाई नव्या दुकानांच्या फीवर चालते, तिला आपले दुकान उघडण्यात रस, चालण्यात नाही. मात्र अमूलसारख्या मोठ्या नावाने खोट्या वेबसाइटी आणि खोटे फोनही येतात. त्यांनी स्वतःच लोकांना तसा इशारा दिलेला आहे. पैसे एखाद्या व्यक्तीच्या खात्यात टाका असे सांगितले की तिथेच फोन ठेवावा.

कराराबद्दल थोडे बोलते. अमेरिकेत फ्रँचायझी विकणाऱ्याला सही किंवा पैसे घेण्याच्या किमान चौदा दिवस आधी एक मोठा कागद द्यावा लागतो. त्यात किती दुकाने उघडली, किती बंद पडली, कंपनीवर कोणते खटले आहेत, हे सगळे लिहावे लागते. आपल्याकडे फ्रँचायझीसाठी वेगळा कायदा नाही. १८७२ चा कराराचा कायदा आहे, तोच लागू. म्हणजे विचारले नाही तर कोणी आपणहून सांगणार नाही. म्हणून आपणच मागायचे. चालू दुकानांची यादी ते हौसेने देतात. तुम्ही मागा गेल्या दोन वर्षांत बंद पडलेल्या दुकानांची, फोन नंबरसह. "आमचे एकही बंद पडले नाही" असे म्हणाले तर पन्नास-साठ दुकाने असलेल्या कंपनीबाबत त्यावर विश्वास ठेवू नका. बंद केलेल्या माणसाशी दहा मिनिटे बोललात तर मेळाव्याच्या दोन दिवसांपेक्षा जास्त कळेल. त्याला एकच विचारा: पहिल्या उन्हाळ्यात रोजची विक्री किती होती?

करारात आणखी दोन ओळी शोधा. एक, तुमच्या दुकानापासून किती अंतरात कंपनी दुसरे दुकान देणार नाही. हे किलोमीटरमध्ये लिहिलेले हवे, "योग्य अंतर" असे नव्हे. दोन, माल फक्त त्यांच्याकडूनच घ्यायचा असेल तर त्याचे दर कोण आणि कधी वाढवणार. नणंदेच्या मसाल्याचे दर आठ महिन्यांत दोनदा वाढले आणि चहाचा दर मात्र कंपनीनेच बारा रुपये बांधून दिलेला. सहा रुपयांचे पावणेसहा झाले, साडेपाच झाले, आणि ती बिचारी दुधात पाणी घालायचा विचार करू लागली.

आता उरला आपला स्वतःचा धंदा. यात लोक दुसऱ्या टोकाला जाऊन फसतात. अमळनेरच्या एक बाई माझ्याकडे कर्ज मागायला आल्या होत्या, बिबड्यांच्या धंद्यासाठी. पाच लाख हवे होते. मी म्हटले, आधी दहा हजारांत करून बघा, वही ठेवा, मग या. त्या रागावून गेल्या, पण दोन महिन्यांनी वही घेऊन आल्या.

बिबड्या तुम्हाला माहीत आहेतच. ज्वारी भिजवायची, भरडायची, लसूण, मिरची, तीळ घालून शिजवायची आणि खाटेवर ओले धोतर पसरून त्यावर थापायची. त्यांनी दहा किलो ज्वारीचा एक घाणा धरला होता. ज्वारी, मसाला, गॅस, पिशव्या मिळून एक हजार पन्नास रुपये. पाव किलोची चौतीस पाकिटे निघाली, म्हणजे पाकिटाला एकतीस रुपये. शेजारणी पन्नास रुपये देत होत्या, म्हणून त्यांना वाटले की एकोणीस रुपये सुटतात. मी विचारले, थापायला कोण होते? त्या आणि त्यांची जाऊ, दोघी दीड-दीड दिवस. साडेतीनशे रुपये रोज धरला तर मजुरीचेच एक हजार पन्नास झाले. म्हणजे पाकीट पडले बासष्टला. पन्नासला विकून त्या पाकिटामागे बारा रुपये पदरचे घालत होत्या, आणि आनंदात होत्या! घरचे हात फुकट धरणे, हा आपल्या बायकांच्या धंद्यातला सगळ्यांत जुना रोग आहे. आज जाऊ आहे, उद्या ती नसेल, मग मजूर लावावाच लागेल.

त्यांनी दर नव्वद केला. गल्लीतल्या बायकांनी पाठ फिरवली, कारण गल्लीत सगळ्यांनाच बिबड्या येतात. पण पुण्या-नाशकाला गेलेल्या खानदेशी घरांतून मागणी आली, कारण तिथे ना खाट, ना अंगण, ना एवढे ऊन. पाच घाणे झाले. एक अवकाळी पावसात भिजून वाया गेला, तोही वहीत लिहिलेला होता. साठ जणींनी पहिल्यांदा घेतले, त्यातल्या बावीस जणींनी पुन्हा मागवले. मी जो आकडा बघत होते तो हाच. पहिल्यांदा नातेवाईक घेतात, मैत्रिणी घेतात, लाजेखातर घेतात. दुसऱ्यांदा मात्र जिभेसाठीच घेतात. साठातल्या पाचच परतल्या असत्या तर मी कर्ज दिले नसते.

अडचण उरली ती हंगामाची. बिबड्या फेब्रुवारी ते मे. पावसाळ्यात करायचे काय, याचे उत्तर त्यांच्याकडे नव्हते, म्हणून पाच लाखांऐवजी दीड लाख दिले. घरगुती खाद्यपदार्थांसाठी केंद्र सरकारची सूक्ष्म अन्नप्रक्रिया योजना २०२० साली सुरू झाली. तिच्यात बँकेच्या कर्जाला जोडून ३५ टक्के अनुदान ठेवलेले होते, जास्तीत जास्त दहा लाख. जळगावसाठी त्यात केळी हे जिल्ह्याचे उत्पादन धरलेले होते. पण अनुदान बघून धंदा ठरवू नका. वेफर तळायचे यंत्र अनुदानात घेऊन ताडपत्रीखाली झाकून ठेवलेली घरे मी रावेर-यावल भागात पाहिली आहेत.

तर चोपड्याच्या ताई, तुमच्याजवळ आठ लाख आहेत असे धरू. माझे मत विचाराल तर त्यातले सहा लाख मुदत ठेवीत टाका आणि विसरून जा. एक लाखापर्यंत एखादी अशी एजन्सी बघा, जिच्यात फी नाही आणि माल विकता येण्याजोगा आहे. काउंटरवर स्वतः बसा, नोकराला बसवू नका. उरलेल्या पैशातून दहा-दहा हजारांचे प्रयोग करा. कल्पना घरात बसून सुचत नाही, काउंटरवर गिऱ्हाईकच ती सांगते. "ताई, तुमच्याकडे अमुक मिळत नाही का?" असे एकाच महिन्यात सात-आठ जणांनी विचारले की वहीत लिहून ठेवा. आणि तरीही त्या मेळाव्यातल्या कंपनीचे नाव डोक्यातून जात नसेल, तर करार घरी आणा, रेघ ओढा, कप मोजा, बंद पडलेल्या दुकानदाराला फोन करा. एवढे करूनही आकडे जुळले तर जरूर घ्या. मी नाही म्हणणार नाही.

नणंदेने नंतर काय केले, हे निवेदिकेने मुद्दाम विचारायला सांगितले होते. उरलेल्या पैशातून तिने पहाटेच्या दुधाची एजन्सी घेतली. पाच ते नऊ, घराच्या ओट्यावरच, म्हणून भाडे नाही. पिशवीमागे सुटतात थोडेच पैसे, पण रोज सुटतात. दुधाला येणाऱ्या बायका विचारायच्या, कळण्याचे पीठ आहे का, दळून मिळेल का? ज्वारी-उडदाचे ते पीठ गिरणीत दळून आणायचा आताच्या सुनांना कंटाळा. तिने पाच किलोपासून सुरू केले. आता महिन्याला दीड क्विंटल जाते. पाकिटावर नाव काय छापायचे, यावर घरात अजून भांडण चालू आहे.